ग्योंगजूच्या घंटेचा नाद हेलकावत का विरतो

दक्षिण कोरियातल्या ग्योंगजू शहरी, राष्ट्रीय संग्रहालयाच्या आवारात, एका उघड्या मंडपात कांशाची एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. वजन १८.९ टन, उंची ३.६६ मीटर, तोंडाचा व्यास सव्वादोन मीटरच्या आसपास. सिल्ला घराण्यातल्या ग्योंगदोक राजानं आपले वडील सोंगदोक यांच्या स्मरणार्थ ती ओतवायला घेतली. काम त्याच्या हयातीत पुरं झालं नाही. ते ७७१ साली, त्याचा मुलगा ह्येगोंग गादीवर असताना झालं. बोंगदोक नावाच्या बौद्ध मंदिरासाठी ती होती. मंदिर गेलं, घंटा राहिली. ओतताना धातूत एक लहान मूल टाकलं आणि म्हणून ती रडते, अशी दंतकथा तिला चिकटलेली आहे. ती इथेच सोडून देऊ; पण ‘रडते’ असं लोकांना का वाटावं, हे मात्र धातूत शोधता येतं.

या घंटेला आत लोलक नाही. बाहेरून आडवा टांगलेला लाकडी ओंडका झुलवत आणतात आणि घंटेच्या अंगावर कमळाची नक्षी असलेल्या ठरावीक जागी आदळवतात. पहिल्या सेकंदात शेकडो स्वरांचा कल्लोळ होतो. उंच स्वर झपाट्यानं मरतात. मग खाली एक खोल, लांबलचक गुंजन उरतं आणि ते सरळ विरत जात नाही. मोठं होतं, बारीक होतं, पुन्हा वर येतं, असं साधारण दर तीन सेकंदांनी, मिनिटभर. शिवाय त्याच्यावर आणखी एक, जरा चढा स्वर आहे. तो ठोक्यानंतर हळूहळू दबतो, गेलाच असं वाटायला लागतं आणि नवव्या सेकंदाच्या आसपास परत उमलतो. कोरियन लोक या हेलकाव्याला मेंगनोरी म्हणतात आणि चांगल्या घंटेची ती खूण मानतात. युरोपातले ओतारी नेमका हाच हेलकावा दोष समजून टाळायला बघत आले. चूक-बरोबर असा तो प्रश्न नाही. कान कशाला सरावलेत, एवढाच आहे.

कोरियन अभियंत्यांनी या घंटेचे स्वर बारकाईनं मोजले आहेत. सगळ्यात खालचा स्वर एक नाही, दोन आहेत: ६४.०७ आणि ६४.४२ हर्ट्झच्या आसपास. त्याच्या वरचा ठळक स्वरही जोडीचाच आहे: १६८.५२ आणि १६८.६३. दुसरा दशांश तापमानाबरोबर थोडा सरकतो, कारण कांसं तापलं की किंचित लवचीक होतं आणि सगळे स्वर उतरतात. पण जोडीतले दोघंही बरोबरीनंच उतरतात, म्हणून त्यांच्यातला फरक जवळपास तोच राहतो. आपल्याला काम आहे ते या फरकाशी.

दोन जवळजवळ सारखे स्वर एकत्र वाजले की आवाज चढउतार करतो, याला शाळेच्या पुस्तकात विस्पंद म्हणतात. तानपुऱ्याच्या जोडीच्या दोन तारा मिळत आल्या की जो संथ हेलकावा ऐकू येतो आणि खुंटी पिळत जाईल तसा आणखी संथ होतो, तोच हा प्रकार. चढउताराचा वेग म्हणजे दोन वारंवारतांमधला फरक. ६४.४२ मधून ६४.०७ गेले की ०.३५ उरतात, म्हणजे एका हेलकाव्याला १ भागिले ०.३५, सुमारे २.९ सेकंद. दुसऱ्या जोडीत फरक ०.११, म्हणजे सुमारे ९ सेकंद. कानानं सांगितलेले तीन आणि नऊ सेकंद ते हेच.

इथवर गणित सोपं आहे आणि बहुतेक लोक इथंच थांबतात. पण तानपुऱ्याला तारा दोन असतात. घंटा तर एकच आहे. मग एकाच धातूच्या तुकड्यात दोन स्वर आले कुठून?

घंटेचं तोंड वरून बघत आहोत असं समजा. ठोका बसला की गोल तोंड किंचित लंबगोल होतं. क्षणभरानं ते उलट्या दिशेनं लंबगोल होतं: आधी पूर्व-पश्चिम लांब, मग उत्तर-दक्षिण लांब. सेकंदाला ६४ वेळा हा खेळ चालतो. परिघावर चार जागा अशा असतात, की तिथे धातू आत-बाहेर सर्वांत जास्त हलतो. या चार प्रस्पंद जागा एकमेकींपासून ९० अंशांवर. त्यांच्या बरोबर मध्ये चार निस्पंद जागा, जिथे आत-बाहेर हालचाल शून्य. हा झाला घंटेचा सगळ्यात खालचा कंपनप्रकार. आता हाच लंबगोल ४५ अंशांनी फिरवून मांडा. पहिल्याच्या निस्पंद जागांवर दुसऱ्याच्या प्रस्पंद जागा येतील. घंटा जर भूमितीतल्या वर्तुळासारखी निर्दोष गोल असती, तर या दोन मांडण्यांत धातूला काहीच फरक कळला नसता. दोघांची वारंवारता एकच झाली असती, आणि लंबगोलाची दिशा ठोका जिथे बसेल तिथून ठरली असती.

खरी घंटा तशी नसते. कुठे भिंत बोटभर जास्त जाड, कुठे नक्षीचा उठाव, कुठे ओतताना साच्याचा गाभा थोडा सरकलेला, कुठे धातूत बुडबुडे. एवढ्यानं गोलाकारातला निरपेक्षपणा संपतो. आता घंटेला स्वतःच्या दोन पसंतीच्या दिशा मिळतात. एका दिशेनं लंबगोल झाला की जड भाग जास्त हलतो, म्हणून स्वर किंचित खाली. ४५ अंश फिरलेल्या दुसऱ्या दिशेनं झाला की तोच जड भाग निस्पंद जागी येतो, म्हणून स्वर किंचित वर. ६४.०७ आणि ६४.४२ ही या दोन भावंडांची नावं समजा. १६८ च्या जोडीत लंबगोलाऐवजी तीन पाकळ्यांचा आकार असतो. त्यात निस्पंद जागा सहा, आणि दोन मांडण्यांमधला कोन ४५ ऐवजी ३० अंश.

किती असमानता लागते याचा अंदाज एका साध्या कड्यावरून काढता येतो. पातळ, गोल, लवचीक कडं घ्या आणि त्यावर एकाच जागी थोडं जादा वजन चिकटवा. त्या जागी ज्या मांडणीची प्रस्पंद जागा येते, तिचा स्वर वजनाच्या गुणोत्तराच्या ०.८ पट उतरतो. दुसऱ्या मांडणीत त्याच जागी आत-बाहेर हालचाल नसते, पण परिघाच्या दिशेनं थोडी असते, म्हणून तिचाही स्वर ०.२ पट उतरतो. फरक राहिला ०.६ पट. म्हणजे कड्याच्या वजनाच्या एक टक्का गोळा चिकटवला, तर दोन स्वर ०.६ टक्क्यानं दूर जातात. ग्योंगजूच्या घंटेत हा दुरावा ०.३५ भागिले ६४, म्हणजे ०.५५ टक्के आहे. घंटा म्हणजे कडं नव्हे, पण या स्वरात मुख्यतः तिचा खालचा घेरच हलतो, त्यामुळे अंदाज फार चुकत नाही: हलणाऱ्या भागात एखाद्या टक्क्याची असमानता पुरते. आठव्या शतकात अठरा-एकोणीस टन कांसं मातीच्या साच्यात ओतताना एका टक्क्यानं चूक होणं सोडा, तेवढ्यावर भागलं याचंच आश्चर्य वाटावं.

दुसऱ्या जोडीत दुरावा ०.११ भागिले १६८, म्हणजे ०.०७ टक्क्याहूनही कमी आहे. पहिल्याच्या आठव्या हिश्श्याइतका. हा फरक मला या प्रकरणातला सर्वांत बोलका आकडा वाटतो. कारण असमानता कुठेही असली तरी सगळ्या जोड्या सारख्या फुटत नाहीत. लंबगोलाची जोडी फुटते ती परिघावर चारदा येणाऱ्या असमानतेनं. तीन पाकळ्यांची जोडी फुटते ती सहादा येणाऱ्या असमानतेनं. समजा घंटेवर ९०-९० अंशांवर चार सारखे उठाव आहेत. लंबगोलाच्या एका मांडणीत ते चारही प्रस्पंद जागी येतील, दुसरीत चारही निस्पंद जागी, आणि जोडी चांगली फुटेल. तीन पाकळ्यांच्या आकारात मात्र त्यांतले दोन एका मांडणीच्या वाट्याला येतात आणि दोन दुसरीच्या. हिशोब बरोबरीत सुटतो. या घंटेवरच्या नक्षीत अशी चारची रचना आहे: खांद्याशी बोंडांच्या चार चौकटी, अंगावर उडणाऱ्या चार अप्सरा. ठोक्याच्या कमळाच्या जागा समोरासमोर दोन आहेत. नक्षीनंच पहिली जोडी फोडली आणि दुसरी जवळपास तशीच सोडली, असं म्हणण्याचा मोह होतो. मी तो अर्धाच मान्य करीन. खांद्याजवळचा धातू या स्वरांत फारसा हलत नाही, आणि भिंतीच्या जाडीतला चढउतार नक्षीच्या उठावापेक्षा सहज जास्त भरू शकतो. चारच्या रचनेनं पहिल्या जोडीच्या बाजूनं पारडं झुकवलं असेल, इतकंच.

आता ठोक्याकडे येऊ, कारण नुसते दोन स्वर असून भागत नाही. दोन्ही वाजले पाहिजेत, आणि ऐकणाऱ्यापर्यंत सारख्या जोरानं पोचले पाहिजेत. ते ठरतं ठोका कुठे बसला आणि ऐकणारा कुठे उभा आहे यावरून.

खालच्या स्वराच्या एका प्रस्पंद जागेपासून कोन मोजायला सुरुवात करू. ठोका बरोबर शून्य अंशावर बसला, तर फक्त खालचा स्वर जागा होतो. वरच्याची तिथे निस्पंद जागा असते. मग घंटेभोवती कुठेही उभे राहा, हेलकावा नाही. ठोका ४५ अंशांवर बसला तर फक्त वरचा स्वर. पुन्हा हेलकावा नाही. दोघं सारखे जागे होतात ते बरोबर मध्ये, साडेबावीस अंशांवर. या घंटेत हेलकावा इतका ठसठशीत ऐकू येतो, त्या अर्थी कमळाची जागा निस्पंद रेषेवर नाही, एवढं कानानंच सिद्ध होतं.

समजा ओंडका साडेबावीस अंशांवर बसला. ठोक्याच्या क्षणी दोन्ही लंबगोल मिळून एकच लंबगोल बनतो आणि त्याचं टोक ओंडक्याकडे असतं. पण वरचा स्वर दर सेकंदाला एक तृतीयांश कंपन पुढे सरकतोय. दीड सेकंद जाईपर्यंत, म्हणजे अर्धा हेलकावा होईपर्यंत, तो खालच्याच्या अगदी उलटा पडतो. आता दोघांची बेरीज केली तर जो लंबगोल मिळतो तो खालच्या स्वराच्या अक्षाच्या पलीकडे, आरशात उलटल्यासारखा, वजा साडेबावीस अंशांवर असतो. म्हणजे कंपन ४५ अंशांनी फिरलं. ओंडक्यापाशी आता निस्पंद जागा आहे. तिथे उभा असलेला माणूस म्हणेल, आवाज विरला. त्याच्यापासून ४५ अंश बाजूला उभा असलेला माणूस त्याच क्षणी म्हणेल, आता कुठे आवाज आला. आणखी दीड सेकंदानं कंपन परत ओंडक्याकडे वळतं. घंटेतली शक्ती या सगळ्यात कमी-जास्त होत नाही. ती फक्त सावकाश उतरते आहे. फिरतंय ते कंपनाचं तोंड.

ठोका साडेबावीसऐवजी समजा दहा अंशांवर बसला. खालच्या स्वराचा वाटा वीस अंशांच्या कोज्येइतका, ०.९४, वरच्याचा ज्येइतका, ०.३४. ओंडक्याजवळ ऐकणाऱ्याच्या बाबतीत हेच गुणक परत एकदा लागतात, म्हणून त्याच्यापर्यंत ०.८८ आणि ०.१२ पोचतात. बेरीज १, वजाबाकी ०.७६. डेसिबलमध्ये चढउतार सव्वादोनच्या थोडा वर. लक्ष देऊन ऐकलं तर कळेल, नाही तर नाही. पण ४५ अंश बाजूला सरका. तिथे ०.९४ गुणिले ०.३४ आणि ०.३४ गुणिले ०.९४, म्हणजे दोन्ही ०.३२. बरोबरी! आवाज शून्यापासून ०.६४ पर्यंत चढतो आणि परत शून्यावर येतो. हे दहा अंशांपुरतं नाही. ठोका कुठल्याही कोनावर बसो, फक्त निस्पंद रेषेवर नको, तर ठोक्यापासून ४५ अंशांवर हेलकावा नेहमी पूर्ण असतो. फक्त तो किती जोरात, हे बदलतं. आणि तिथे हा स्वर ठोक्याबरोबर येत नाही. तो शांततेतून वर येतो, दीड सेकंदानं शिखर गाठतो.

म्हणून एकाच घंटेबद्दल दोन माणसं प्रामाणिकपणे वेगवेगळं सांगू शकतात. एक म्हणतो हेलकावा नावालाच आहे, दुसरा म्हणतो आवाज पार बुडून परत येतो. दोघंही खरं बोलत असतात, फक्त उभे वेगळ्या कोनावर असतात. तीन पाकळ्यांच्या जोडीसाठी हीच गोष्ट ४५ ऐवजी ३० अंशांनी घडते आणि दीड सेकंदाऐवजी साडेचार सेकंदांनी. ठोक्याच्या बाजूला उभं राहिलं की १६८ चा स्वर सुरुवातीला भरघोस, साडेचार सेकंदांपाशी दबलेला, आणि नवव्या सेकंदाला परत वर. तोवर बाकीचे उंच स्वर मेलेले असतात, म्हणून तो एकटा उठून दिसतो. मूल हुंदका आवरून परत रडायला लागलं, असं कुणाला वाटलं असेल तर ते या जागी.

यात एक अट आहे: स्वर टिकला पाहिजे. नऊ सेकंदांचा हेलकावा ऐकू यायला स्वर निदान पंधरा-वीस सेकंद जिवंत हवा. जाड, मोठ्या, चांगल्या कांशाच्या घंटेलाच ते परवडतं. हलक्या घंटेत तेवढाच फरक असला तरी पहिला उतार पूर्ण व्हायच्या आत स्वर संपतो, आणि ऐकणारा म्हणतो, घंटा लवकर विरते. शिवाय जोडीतले दोन स्वर अगदी एकाच वेगानं विरतील असंही नाही. एक जरा लवकर खचला, तर सुरुवातीचे हेलकावे खोल आणि शेवटचे उथळ होतात. उलट सुरुवातीला जो जास्त जोरात होता तोच लवकर खचला, तर मध्येच कुठेतरी दोघं बरोबरीला येतात आणि तिथला खड्डा सगळ्यात खोल होतो.

हेलकाव्याची दुसरी कारणंही असू शकतात आणि ती आधी बाद केली पाहिजेत. पहिला संशयित म्हणजे झोका. घंटा ठोक्यानं डोलली तर तिचं तोंड ऐकणाऱ्याच्या दिशेनं कमी-जास्त वळतं आणि आवाज हलतो. इथे फसायला चांगला वाव आहे, कारण सुमारे दोन मीटर लांबीच्या लोलकाचा झोका जवळजवळ २.९ सेकंदांचाच असतो, आणि साडेतीन मीटरच्या घंटेबाबत तेवढा लोलक सहज कल्पिता येतो. पण झोक्यामुळे सगळे स्वर एकाच ठेक्यात हलतील. इथे ६४ चा स्वर तीन सेकंदांनी हलतो आणि १६८ चा नऊ सेकंदांनी. एका झोक्याला दोन ठेके देता येत नाहीत. संशयित सुटला. वाऱ्याचं आणि भिंतींच्या प्रतिध्वनीचंही असंच: वारा नियमित नसतो, आणि प्रतिध्वनीचा चढउतार ऐकणारा स्थिर असेल तर काळाबरोबर असा लयीत चालत नाही. घंटेखाली जमिनीत केलेला खळगा कुठला स्वर किती घुमतो हे थोडंफार बदलू शकतो. दोन स्वरांमधला फरक तो बदलत नाही.

ज्यांना हे स्वतः मोजून बघायचं आहे त्यांना ग्योंगजूलाच जायला हवं असं नाही. तिथली घंटा आता रोज वाजवतही नाहीत. महाराष्ट्रात १७३९ च्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीजांकडून आलेल्या मोठ्या घंटा देवळांत आहेत. वाईजवळच्या मेणवलीची आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळाची लोकांना माहीत असतात. युरोपीय पद्धतीची घंटा असली तरी जोड्या तिच्यातही फुटतात. आणि देवळातली लहान घंटासुद्धा चालते, फक्त तिथे सगळं वेगानं होतं. अर्ध्या टक्क्याचा दुरावा ६४ हर्ट्झवर ०.३ होतो, पण ८०० हर्ट्झवर तोच ४ हर्ट्झ होतो. सेकंदाला चार थरथरी. त्याला कुणी हेलकावा म्हणत नाही, ‘घंटा थरथरते’ म्हणतात.

मोबाइलवर ध्वनिमुद्रण करताना दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे फोन आवाजाची पातळी आपोआप सांभाळतो. आवाज पडला की तो वाढवतो आणि नेमका हेलकावाच पुसून टाकतो. ही सोय बंद करता येईल असं ॲप घ्यावं. दुसरी म्हणजे ठोक्याचा पहिला धक्का मायक्रोफोनला झेपत नाही आणि तरंगाचे माथे कापले जातात. लांब उभं राहावं, पातळी कमी ठेवावी, ठोक्यानंतरचं पहिलं सेकंद मोजणीतून टाकून द्यावं. फोन हातात धरून फिरू नये. त्याची जागा पक्की ठेवून ठोका दिला पाहिजे, कारण वर पाहिल्याप्रमाणे कोन बदलला की चित्र बदलतं.

मग वर्णपटाची ॲपं. त्यांच्यात एकच शिखर दिसतं आणि माणूस म्हणतो, कुठे आहेत दोन स्वर? दोष घंटेचा नाही. असं ॲप साधारण ०.२ सेकंदाचा तुकडा घेऊन वारंवारता काढतं, आणि ०.२ सेकंदात ५ हर्ट्झपेक्षा जवळचे स्वर वेगळे करणं शक्यच नसतं. ०.३५ हर्ट्झ वेगळे करायला निदान तीन सेकंदांचा तुकडा हवा, ०.११ साठी नऊचा, आणि खात्रीसाठी त्याच्या दुपटी-तिपटीचा. त्यापेक्षा उलटा मार्ग सोपा आहे. हव्या त्या स्वराभोवतीचा अरुंद पट्टा गाळून घ्या आणि त्याच्या आवाजाची पातळी काळाबरोबर मांडा. खड्डे दिसतील. दोन खड्ड्यांमधलं अंतर म्हणजे हेलकाव्याचा काळ.

```python
import numpy as np
from scipy.io import wavfile
from scipy.signal import butter, sosfiltfilt, hilbert

fs, x = wavfile.read("ghanta.wav")
x = x.astype(float)
if x.ndim > 1:
    x = x[:, 0]
sos = butter(3, [60, 68], "bandpass", fs=fs, output="sos")
y = np.abs(hilbert(sosfiltfilt(sos, x)))
db = 20 * np.log10(y / y.max() + 1e-9)
```

इथे ६० ते ६८ हा पट्टा ग्योंगजूच्या खालच्या जोडीसाठी आहे. आपल्या घंटेचा स्वर असेल त्याप्रमाणे बदलावा. पट्टा फार अरुंद करू नये, नाही तर गाळणीच स्वतः घुमायला लागते आणि खड्डे भरून टाकते. db चा आलेख काढला की उतरती रेष आणि तिच्यात नियमित खड्डे मिळतात. शिखरांना जोडणारी रेष किती वेगानं उतरते हा झाला विरण्याचा वेग, आणि खड्डे किती खोल आहेत त्यावरून दोन स्वरांच्या वाट्यांचं गुणोत्तर. चढउतार ६ डेसिबलचा असेल तर एक स्वर दुसऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका आहे. खड्डा २० डेसिबलच्या पलीकडे गेला तर दोघं जवळपास बरोबरीला.

निस्पंद रेषा शोधायला यंत्र लागत नाही. लहान घंटेच्या ओठावर खडूनं खुणा करून एकेका खुणेवर लाकडी दांडक्यानं हलका टोला द्यावा. ज्या जागी टोला दिल्यावर तो स्वर कुठूनही न थरथरता सरळ विरतो, ती जोडीतल्या एकाची निस्पंद जागा. अशा जागा लंबगोलाच्या जोडीसाठी दर ४५ अंशांनी मिळतात, आळीपाळीनं एकीकडे खालचा स्वर, दुसरीकडे वरचा. थोडं मेण घेऊन, घंटेच्या वजनाच्या टक्काभर, एका जागी चिकटवलं की लगेच फरक कळतो. वरच्या स्वराच्या प्रस्पंद जागी चिकटवलं तर वरचा स्वर खाली येतो, थरथर संथ होते, आणि वजन नेमकं जमलं तर थांबते. खालच्या स्वराच्या जागी चिकटवलं तर ती वाढते. मेण मऊ असल्यामुळे नादही थोडा खातो, म्हणून पक्क्या मोजणीसाठी लहानसा धातूचा तुकडा पातळ मेणानं बसवावा.

एक जोडी अशी जुळवली की दुसरी हमखास हलते. लंबगोलाची थरथर थांबवणारा तुकडा तीन पाकळ्यांच्या जोडीच्या दृष्टीनं एक नवीनच असमानता असतो. त्या जोडीला धक्का न लावता पहिली जुळवायची असेल तर तेवढंच वजन दोन सारख्या तुकड्यांत वाटून ते एकमेकांपासून ९० अंशांवर बसवावं लागतं. लंबगोलाच्या हिशोबात ते दोघं एकमेकांना मदत करतात, आणि तीन पाकळ्यांच्या हिशोबात एकमेकांना काटतात. कानस मात्र जुन्या घंटेला लावू नये. मेण काढून टाकता येतं, घासलेलं कांसं परत येत नाही.